दोनदा वाजलेली कडी

गेल्या वर्षी कार्तिकातल्या मंगळवारी दुपारी सुमन गेली. मी खाटेजवळ बसलो होतो. बाहेर शेतात कापणी चालू होती.

यंदा कापणी पुन्हा आली आहे. भिसेगावातून नदीकडे जाणाऱ्या वाटेवर सकाळी ओल्या पेंढ्याचा वास येतो. आडवं झालेलं भात, विळ्याची करकर, बांधावर उलटा ठेवलेला पितळी तांब्या, मध्येच घाटाच्या गाडीला मागून इंजिन लागल्याचा हिसका. हे सगळं मी पन्नास वर्षं पाहत आणि ऐकत आलो. तरी यंदा चालताना मी सारखा थांबतो. कुणी विचारलं, तर चपलेत खडा गेला म्हणतो.

कापणी म्हटलं की मला बाकीची सगळी वर्षं सोडून एकच वर्ष आठवतं. अठरा-एकोणीस वर्षं झाली त्याला. तेव्हा आमची लेक वंदना पाळण्यात होती, मी कर्जतच्या शाळेत शिकवत होतो आणि आमच्या आळीत एकुलता एक ट्रान्झिस्टर आमच्या घरात होता. तो पिठाच्या डब्यावर ठेवलेला असे, कारण तिथेच त्याला नीट ऐकू येई, असं सुमन म्हणायची. जणू रेडिओ आपलं ऐकतो, आपण त्याचं नव्हे.

त्या पावसाळ्यात रेडिओवर दर बुधवारी संध्याकाळी, बातम्या संपल्या की एक श्रुतिका लागायची. तेरा आठवडे चालली. तिचं खरं नाव कुणाच्या तोंडी बसलंच नाही. सगळे तिला ‘दिनकरची गोष्ट’ म्हणत. एका गावातली अक्का, तिचा एकुलता एक मुलगा दिनकर. पहिल्याच भागात तो बापाच्या पश्चात आईशी भांडतो आणि बोटीवर काम शोधायला निघून जातो. जाताना उंबऱ्यातून म्हणतो, “मी परत आलो की तीनदा कडी वाजवीन. दोनदा वाजली तर पोस्टमन समज.” आणि हसतो. पुढचे बारा भाग अक्का वाट पाहते. मध्ये पोस्टमन येतो, सावकार येतो, दिनकरचा मित्र येतो. दर वेळी कडी वाजली की आमच्या ओट्यावर बसलेल्या बाया बोटं मोजत. एक, दोन. मग सगळ्यांचा एकदम निःश्वास.

ज्यांना बुधवारी यायला जमत नसे, त्यांच्यासाठी गुरुवारी सुमन गोष्ट सांगायची. ही रीत कुणी ठरवली नव्हती. एकदा कुणीतरी विचारलं, तिनं सांगितलं, मग ते तिचंच काम झालं. ती सातवी शिकलेली होती. माझ्यापेक्षा कमी शिकलेली, असं मी तेव्हा समजत होतो. सांगताना तिची एक लकब होती. रेडिओत झालेलं सांगायची तेव्हा हात मांडीवर असायचे. स्वतःला काय वाटलं ते सांगायचं झालं, की उजवा हात उचलून छातीवर ठेवायची आणि म्हणायची, “आता हे माझं हां.” बायांना ते पाठ झालं होतं. कुणी चिडवायच्या, “सुमन, तुझा हात खाली ठेव आणि पुढं काय झालं ते सांग!”

गुरुवारच्या या गोष्टीची सगळ्यात पक्की गिऱ्हाईक म्हणजे भागाकाकी. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. साठीची, काटक, जिभेला लगाम नसलेली. तिचा मुलगा नामदेव चार वर्षांपूर्वी मुंबईला गोदीत कामाला गेला होता. तिथून कुठल्याशा बोटीवर. कांडल्याहून एक पत्र आलं, त्यात ‘पुढच्या महिन्यात येतो’ असं होतं. त्यानंतर काही नाही. चौकश्या झाल्या, अर्ज झाले. जिवंत असल्याचा कागद नाही, मेल्याचाही नाही. घरात भागाकाकी आणि सून हिरा. हिरा तेव्हा बावीस-तेवीसची असेल. लग्नानंतर नवऱ्यासोबत तिचा संसार जेमतेम सात महिने झाला होता.

दिनकरची गोष्ट आणि नामदेवची गोष्ट किती सारखी आहे, हे आळीत सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. कुणी बोलत नसे. भागाकाकी मात्र उघड बोलायची. “आमच्याच घरात बसून लिवलंय मेल्यानं,” म्हणायची. “फक्त माझी शिवी नाय घातली तेवढी.”

*

त्या हंगामात हिराला एक पत्र आलं होतं. अलिबागला नर्सबाईचं शिक्षण, दोन वर्षांचं, राहायची सोय तिथंच. सुमननंच तिच्याकडून अर्ज भरून घेतला होता. निवड झाली होती. ज्या सोमवारी हजर व्हायचं होतं, त्याला अजून तीन आठवडे होते. फक्त एका कागदावर घरातल्या वडीलधाऱ्याची संमती लागत होती. म्हणजे भागाकाकीचा अंगठा.

काकी ना हो म्हणत होती, ना नाही. “कापनी होऊ दे,” म्हणायची. कधी म्हणायची, “तो आला आन बायको घरात नाय दिसली, तर मी काय तोंड दाखवू?” हिरा ऐकून घ्यायची. विळा घेऊन शेतात जायची. तो कागद घडी करून तिनं आमच्या घरात, माझ्या पुस्तकांच्या फळीवर ठेवला होता. स्वतःच्या घरात ठेवला तर चुलीत जाईल अशी भीती होती की काय, मी विचारलं नाही.

मालिकेच्या शेवटच्या बुधवारी दुपारपासून घाटावर ढग आले. कापलेलं भात शेतात आडवं पडलेलं. आळीतले निम्मे लोक भारे खळ्यावर आणायला धावले, त्यात काकी आणि हिराही होत्या. आमच्या ओट्यावर त्या संध्याकाळी सात-आठ माणसंच होती. मी होतो, सुमन होती.

शेवटचा प्रसंग मी आजही सांगू शकतो, कारण नंतर तो मला फार वेळा सांगावा लागला. अक्का एकटी तांदूळ पाखडते आहे, सुपाचा आवाज. बाहेर पाऊस. अंगणातल्या खडीवर पावलं वाजतात. जवळ येतात, थांबतात. सूप थांबतं. कडी वाजते. एकदा. दुसऱ्यांदा. अक्का म्हणते, “कोण?” उत्तर नाही. मग तिची पावलं, घाईची. अडसर ओढल्याचा आवाज. दार उघडतं, पावसाचा आवाज एकदम मोठा होतो. आणि संपतं. सनई लागते, निवेदिका नावं वाचते.

 ओट्यावर एकदम सगळे बोलायला लागले.

“आला!”

“अरे, दोनदाच वाजली. पोस्टमन!”

“तीनदा वाजली. मी मोजली.”

“खोकला पण आला ना बाहेरून. दिनकरचाच खोकला तो.”

 सुमननं ट्रान्झिस्टर बंद केला, वंदनाला मांडीवर घेतलं. “तिनं तिसरी वाजूच दिली नाही,” एवढंच म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघालो तेव्हा भागाकाकी नळावर होती. घागर भरत होती. रात्रीच्या भाऱ्यांनी तिचे हात ओरबाडलेले दिसत होते.

“काय रं मास्तर,” तिनं हाक मारली, “आला का नाय तो?”

मी थांबलो. तिनं घागरीवरचा नळ बंद केला. पाण्याचा आवाज थांबला आणि ती माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेपुढे मला काय झालं कोण जाणे. शाळेला उशीर होत होता, हे एक कारण मी पुढे बरीच वर्षं स्वतःला देत आलो.

“आला, काकी,” मी म्हणालो. “आला.”

ती हसली. घागर डोक्यावर न घेता तशीच उभी राहिली. “तीनदा वाजवली?”

“तीनदा.”

आदल्याच पौर्णिमेला विहारात मी सगळ्यांपुढे पंचशील म्हटलं होतं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. माझ्या मागोमाग तेच शब्द भागाकाकीनंही म्हटले होते. पण शाळेच्या रस्त्यावर मला ते आठवलं नाही. उलट एक गंमत झाली. चालता चालता मला खरंच तीन वेळा कडी ऐकल्यासारखं वाटू लागलं. दुपारपर्यंत माझी खात्री पटली होती. खोटं बोलल्यावर माणसाचे कान किती लवकर त्याच्या बाजूनं साक्ष देतात, हे मी त्या दिवशी शिकलो.

संध्याकाळी घरी आलो तर हिरा आमच्या स्वयंपाकघरात बसली होती. रडत नव्हती. सुमनचा चेहरा मात्र असा होता की मी चपला काढायचंही विसरलो.

“काकींनी अंगठा द्यायला नाही म्हटलं,” सुमन म्हणाली. “म्हणतात, कौल लागला.”

मला कळेना. मग कळलं.

आमच्याकडे जुन्या काळी कौल लावायची रीत होती. देवाच्या शिळेला दोन बाजूंना भिजवलेले तांदळाचे दाणे चिकटवायचे आणि मनात प्रश्न धरायचा. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. माणसं लग्नं, जमिनी, आजारपणं त्या दाण्यांवर सोडत. आम्ही बौद्ध झालो तेव्हा देव सोडले, कौलही सोडला. माझ्या वडिलांनी तर ती शिळा नदीत टाकताना मोठ्यानं हसून घेतलं होतं. पण विचारायची सवय कुठे टाकायची, हे कुणी सांगितलं नाही. भागाकाकीनं ती तेरा आठवडे गुपचूप रेडिओला लावली होती. दिनकर आला तर नामदेव येणार. नाही आला, तर हिरा अलिबागला जाणार.

आणि शेवटचा दाणा मी, शाळामास्तरानं, बोटानं पाडला होता.

“कोणी सांगितलं त्यांना, आला म्हणून?” सुमननं विचारलं. तिला माहीत होतं.

मी सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, “त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलंत ना? कुणाचं बरं, ते मोजलं नाहीत.”

हिरानं मान वर केली. “ताई, मग तुम्ही जाऊन सांगा. आला नाय म्हणून सांगा. पोस्टमन व्हता, तार घेऊन आलावता, दिनकर मेला म्हणून सांगा. तुमचं ती खरं मानंल.”

मला तो उपाय पटला. एक खोटं दुसऱ्यानं फिटत होतं आणि या वेळी हिराच्या बाजूनं. मी तसं म्हणालोही.

 सुमन हिराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “बाई, ते मला येणार नाही. तार ऐकूच नाही आली. आज मी तुझ्यासाठी दिनकरला मारलं, तर उद्या काकी माझ्याकडे येऊन विचारतील, मग नामदेव? त्याचं पण सांगू का मी?”

हिरा उठून गेली. फळीवरचा कागद तिनं नेला नाही. त्यातच मला थोडी आशा वाटली.

*

वंदना आता कॉलेजात आहे. सुमनच्या शेवटच्या दिवसांत तिची परीक्षा होती, पोचायला तिला संध्याकाळ झाली. विधी, माणसं, जेवणं सगळं उरकल्यावर चौथ्या दिवशी तिनं मला विचारलं, “बाबा, आई काही म्हणाली का? माझ्याबद्दल?”

किती सोपं होतं. ‘वंदनाला जप’ एवढे दोन शब्द. कुठल्याही मरणाऱ्या आईच्या तोंडी शोभतील. वंदना रडली असती आणि मोकळी झाली असती. पण माझ्यासमोर सुमनचे मांडीवरचे हात आले. मी म्हणालो, “तिनं खिडकीकडे पाहिलं. ओठ हलले. आवाज आला नाही. मी कान जवळ नेला, तोवर संपलं होतं. काय म्हणत होती ते मला माहीत नाही.” मग मी माझा हात छातीवर ठेवला. “आता हे माझं. सकाळी तिनं दोनदा विचारलं होतं, गाडी कुठवर आली असेल. मला वाटतं, तिच्या मनात तू होतीस.”

वंदना माझ्यावर त्या दिवशी रागावली. “‘मला वाटतं’ कशाला म्हणता?” म्हणाली. महिन्याभरानं तिचं पत्र आलं. त्यात गाडीबद्दलचं ते वाक्य तिनं पुन्हा विचारलं होतं. नेमकं कसं विचारलं, कुठली गाडी म्हणाली, किती वाजता. मी सगळं लिहून पाठवलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, म्हणून तिला तो पुन्हा पुन्हा हातात घेता आला असावा.

*

त्या वर्षी, हिरा उठून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सुमन खळ्यावर गेली. गुरुवार चुकला होता, पण गोष्ट सांगायची राहिली होती. मीही गेलो, कारण माझी चूक मला सांगायची होती. झोडणी चालू होती. भाऱ्यांचे फटके, धूळ, भाताचं बारीक कुसळ अंगाला चिकटून खाजत होतं.

“काकी,” मी म्हणालो, “मी काल खोटं बोललो. दिनकर आला, असं रेडिओत झालं नाही.”

भागाकाकीनं हातातला भारा खाली ठेवला. “म्हंजे नाय आला?”

“तसंही झालं नाही.”

“मास्तर,” ती म्हणाली, “शाळेत पोरांना पन असंच शिकवतंस का रं? दोन आन दोन चार व्हतात, आन नाय पन व्हत?”

बाया हसल्या. सुमन तिच्याजवळ पेंढ्यावर बसली आणि हात मांडीवर ठेवून तिनं प्रसंग सांगितला. सूप, पाऊस, पावलं, दोनदा कडी, ‘कोण?’, अडसर, दार. तिथे थांबली.

“पुढं?”

“पुढं नाही. संपलं.”

“असं कसं संपलं? दार उगाडलं ना? दारात कोन व्हतं?”

“ते ऐकवलंच नाही.”

“दोनदा वाजली म्हंजे पोस्टमन.”

“दोनदा वाजली आणि तिनं दार उघडलं. तिसरी वाजायला तिनं वेळच दिला नाही. ती वाजणार होती का नव्हती, ते कुणाला कळणार?”

तेवढ्यात खोकलावाली बाई बोलली, तिच्यामागोमाग तीनवेळावाला माणूस. दोघंही आपापलं ठासून सांगू लागली. सुमननं दोघांचंही ऐकून घेतलं. खोटं ठरवलं नाही. म्हणाली, “मी एकदाच ऐकलंय. माझाही कान चुकला असेल. पुन्हा ऐकायला मिळालं तर बघू.”

भागाकाकी चिडली होती. “ज्यानं लिवलंय त्याला तरी ठावं आसंल ना? त्याला विचारा. मास्तर, लिव कार्ड. तुझंच पाप हाय.”

त्या दिवशी मी खळ्याच्या कडेला बसून रेडिओ केंद्राला पोस्टकार्ड लिहिलं. काकीनं सांगितलेला मजकूर जसाच्या तसा: शेवटी दारात कोण होतं ते कळवावं, आमचं काम अडलं आहे.

उत्तराची खात्री नव्हती. पण पुढच्या गुरुवारी श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम लागला तेव्हा निवेदकानं सांगितलं की या शेवटाबद्दल पुष्कळ पत्रं आली आहेत. आमचं कार्ड वाचलं नाही. तो म्हणाला, लेखकाकडे विचारणा केली. लेखक म्हणतात, संहितेत आहे तेवढंच आहे. पावलं, थांबतात, कडी दोनदा, अडसर. पावलं कुणाची, ते लिहिलेलं नाही. पुढचा भाग नाही. श्रोत्यांच्या आग्रहावरून शेवटचा भाग येत्या रविवारी दुपारी पुन्हा ऐकवला जाईल.

“म्हंजे त्याला बी ठावं नाय?” काकी म्हणाली.

“ठावं असून सांगत नसेल,” मी म्हणालो, “किंवा त्यानं ठरवलंच नसेल.” त्या काळी मी बरीच पुस्तकं वाचत होतो आणि न सांगितलेल्या शेवटांबद्दल मला मोठमोठं बोलता येत असे. काकीनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

हिराच्या सोमवारची ती आदली दुपार. आम्ही ट्रान्झिस्टर खळ्यावर नेला, एका भाऱ्यावर ठेवला. झोडणी थांबली. बाया हातातली धूळ झटकत गोल बसल्या. हिरा बाजूला उभी होती, पेंढ्याची काडी मोडत. काकी रेडिओच्या इतकी जवळ बसली होती की तिचं कपाळ त्याला लागत होतं.

सूप. पाऊस. पावलं. कडी एकदा, दोनदा. “कोण?” आणि मग अडसर, ओढताना लाकडाचा एक ठोका. तिसरी कडी मोजणाऱ्या माणसानं हळूच मान खाली घातली. त्याची तिसरी कडी म्हणजे हाच ठोका होता. खोकला नव्हता. नंतर आम्हाला आठवलं, तो आठव्या भागातला, सावकाराचा.

सनई लागली. सुमननं बटण फिरवलं.

 भागाकाकी म्हणाली, “तुझं सांग सुमन. हात वर कर आन तुझं सांग. आला का तो?”

सुमननं हात छातीवर ठेवला. “माझं विचाराल तर मला वाटतं आला. कुणी विचारलं तर मी असंच म्हणेन, वाटतं. पण काकी, त्यानं नामदेवभाऊजींचं काय कळणार? दिनकरचं पुढचं कुणी लिहिलेलंच नाही. शोधलं तरी सापडायचं नाही, कारण नाहीच ते. नामदेवभाऊजींचं जे व्हायचं ते झालंय, कुठंतरी. ते आहे, पण आपल्याला ठाऊक नाही. या दोन्हीत फरक आहे. जे नाहीच, त्याच्यावरून जे ठाऊक नाही ते कसं ओळखायचं?”

मी पुस्तकांतून जे कधी वाचलं नव्हतं, ते ती पेंढ्यावर बसून म्हणाली. मला ते पूर्ण समजायला बरीच वर्षं गेली. त्या क्षणी फक्त एवढं दिसलं की काकीचे खांदे खाली आले. उत्तर मिळाल्यावर येतात तसे नव्हे. ओझं कुठे ठेवायचं ते कळल्यावर येतात तसे.

“मंग त्यात खरं काय हाय?” तिनं विचारलं. “एवडं तेरा आटवडं ऐकलं. त्यात पक्कं असं काय?”

सुमननं हात पुन्हा मांडीवर ठेवला. “पक्कं एवढंच, की कोण आलंय ते माहीत नसताना अक्का उठली. आणि तिनं दार उघडलं.”

 लांब कुठेतरी गाडी घाटाला लागली. काकीनं गुडघ्यावर हात टेकला, कण्हत उठली, पदरानं तोंड पुसलं. हिराकडे वळून तिच्यावरच खेकसली, “उबी काय राहिलीस गं? कागद कुटं हाय तुजा? आन. आन मास्तर, शाई हाय का नुसता फुकाचा बोलतोस?”

शाई नव्हती. मी घरी पळत गेलो, फळीवरचा कागदही घेतला. आलो तेव्हा हिरा तिच्या शेजारी बसली होती आणि काकी तिला सांगत होती, “त्याची वाट मी बगीन. माजा पोर हाय तो. तू कशाला बगत बसंस? तो आला तर त्याला सांगीन, अलिबागला हाय, जा, भेट. पत्ता नीट लिवून जा मंजी झालं.”

अंगठा जरा फाकला. सुमन म्हणाली, चालेल.

*

त्या दिवशी काकीनं आशा सोडली, असं मला कधीच वाटलं नाही. तिनं आशा आणि हिरा वेगळ्या केल्या, एवढंच. नाहीतर आपण वाट पाहणाऱ्याला दोनच रस्ते देतो. ‘येईल’ म्हणून बसवून ठेवायचं, किंवा ‘मेला समज’ म्हणून उठवायचं. दोन्ही वेळा आपण आपल्याला ठाऊक नसलेलं सांगत असतो. सुमनला तिसरा रस्ता सुचला, कारण तिला एवढंच करायचं होतं की जे ऐकलं ते ऐकलं म्हणायचं. बाकी काकीनं स्वतः केलं.

तेव्हापासून आळीत कुणाचं काही अधांतरी राहिलं की सुमनकडे येत. दवाखान्यातला कागद असो, परगावी गेलेल्याची उडती खबर असो. ती आधी विचारायची, यातलं ऐकलेलं किती, वाटलेलं किती. माणसं चिडत. मग सांगत. निम्म्या वेळा सांगता सांगताच त्यांचं त्यांना कळे.

मला ते तिच्याइतकं कधी जमलं नाही. मला गोष्ट पुरी करायची सवय आहे. पाठ्यपुस्तकातल्या अर्ध्या राहिलेल्या कथेचा शेवट मुलांकडून लिहून घ्यायचो मी, आणि चांगल्या शेवटाला जास्त गुण द्यायचो. त्या वर्षापासून मी प्रश्न बदलला. कथेत याबद्दल काय सांगितलं आहे, काय सांगितलेलं नाही, आणि तुला काय वाटतं, असे तीन भाग. मुलांना तिसरा आवडायचा. दुसऱ्यावर ती सगळ्यात जास्त वेळ अडकायची. आपल्याला न सांगितलेलं ओळखणं कठीण असतं, कारण तिथे आपण आपलं काहीतरी कधीच ठेवून दिलेलं असतं.

सुमनच्या आजारात डॉक्टरांना मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, सांगता येत नाही. पूर्वीचा मी असतो तर त्यांच्या चेहऱ्यावरून एक आकडा बनवला असता. मी घरी येऊन सुमनला तेच सांगितलं, सांगता येत नाही म्हणाले. ती हसली. “चला, खरं बोलणारा भेटला,” म्हणाली. मग त्या दुपारी आम्ही दोघांनी वालाच्या शेंगा सोलल्या. किती दिवस आहेत ते माहीत नसल्यामुळे त्या दिवसाला काहीच कमी पडलं नाही.

यंदा तिच्या वर्षदिनाच्या पुण्यानुमोदनाला हिरा आली होती. शिक्षण झाल्यावर तिला खालापूरच्या बाजूला नोकरी लागली, वाड्यापाड्यांवर बाळंतपणं करत ती फिरते. बेपत्ता माणसासाठी कायद्यानं ठरवलेली सात वर्षांची मुदत उलटल्यावर तिनं मोहोपाड्याच्या कारखान्यातल्या एका फिटरशी लग्न केलं. त्या लग्नात भागाकाकी पुढच्या रांगेत बसली होती आणि जेवणात मीठ कमी आहे, असं तिनं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं होतं. हिराला दोन मुलं आहेत. थोरला यंदा शाळेत माझ्या वर्गात असता, पण मी निवृत्त झालो.

भागाकाकी सहा वर्षांपूर्वी गेली. नामदेवचं काय झालं, ते अजून कुणालाही माहीत नाही. तिच्या घरात आता हिराच्या ओळखीची एक नर्सबाई भाड्यानं राहते. सुमन नाही. खळ्यावर झोडणी चालू आहे, आणि वंदना शनिवारी येणार आहे.